तीन कप्प्यांच्या सिंकात भांडी धुताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कॅलिफोर्नियात तासाच्या भाड्याने मिळणाऱ्या किचनमध्ये जेवणाच्या ऑर्डरी करणाऱ्या आपल्या मराठी मंडळींसाठी ही उत्तरं लिहिली आहेत. मी स्वतः अशाच एका किचनमध्ये आठवड्यातले चार दिवस असते. नवीन कुणी आलं की पुरणपोळीबद्दल फारसं विचारत नाही, विचारतं ते भांड्यांबद्दल. तेच तेच प्रश्न इतक्यांदा आले की शेवटी लिहून काढले.

जन्मभर भांडी घासली आहेत. इथे तीन सिंक कशाला?

घरी आपण दोन कामं करतो, घासतो आणि विसळतो. इथे तिसरं एक काम असतं, ते म्हणजे जंतू मारणं. पहिल्या सिंकात साबणाचं गरम पाणी, मधल्यात स्वच्छ पाणी, तिसऱ्यात सॅनिटायझर. क्रम उलटापालटा करून चालत नाही, कारण प्रत्येक सिंकातलं उरलेलं पुढच्या सिंकाचं काम बिघडवतं. भांड्यावर तेल राहिलं तर सॅनिटायझर त्याखाली पोचत नाही. साबण राहिला तर सॅनिटायझरचा जोर जातो. म्हणजे तिसऱ्या सिंकाची ताकद बरीचशी मधल्या सिंकात ठरते. माझं या विषयातलं मुख्य म्हणणं हेच आहे, खाली ते पुन्हा पुन्हा येईल.

सुरू करण्याआधी तिन्ही सिंक आणि बाजूचे निथळायचे ओटे घासून घ्या. आधीच्या भाडेकरूने त्यात काय धुतलं हे आपल्याला माहीत नसतं.

भांडं थेट साबणाच्या पाण्यात टाकलं तर?

टाकू नका. खरकटं आधी कचऱ्यात निपटून काढा आणि भांड्यावर पाण्याचा फवारा मारा. आपल्या स्वयंपाकात इथे एक गंमत आहे. भज्यांचं पीठ, कणकेची परात, दूध आटवलेलं पातेलं, दह्याचं भांडं, यांच्यावर पहिलंच पाणी कढत पडलं की पीठ शिजून चिकटतं आणि दुधातली प्रथिनं घट्ट होऊन बसतात. अशा भांड्यांना पहिला हात साध्या गार पाण्याचा. तुपातेलाच्या कढईचं उलटं आहे, तिला गरम पाणीच हवं. तिच्यातलं जास्तीचं तेल मात्र आधी कागदाने टिपून घ्या, नाहीतर पहिल्या सिंकातलं पाणी एकाच कढईत संपतं.

पहिल्या सिंकातलं पाणी किती गरम हवं?

अमेरिकेच्या फूड कोडमध्ये हाताने भांडी धुण्यासाठी किमान 110 अंश फॅरनहाइट, म्हणजे 43 अंश सेल्सिअस सांगितलं आहे, किंवा साबणाच्या लेबलवर वेगळं दिलं असेल तर तितकं. तो कोड नमुन्यादाखल असतो आणि प्रत्येक राज्य आपापले फरक करून तो घेतं, म्हणून तुमच्या काउंटीचा कागद एकदा वाचा. आम्ही 110 धरून चालतो.

हातमोज्यातून 110 अंश अंगाला सोसणारं, अंघोळीच्या कढत पाण्यासारखं लागतं. पण हात हे थर्मामीटर नाही. अर्धा तास गरम पाण्यात असलेल्या हाताला 95 अंशही ऊनच वाटतं. आम्ही सिंक 120 च्या आसपास भरतो, कारण स्टीलचं सिंक आणि गार भांडी मिळून ते पाणी लवकर उतरवतात. दांडीचा थर्मामीटर नळाला टांगलेला असतो. वनस्पती तुपाचा पांढुरका थर भांड्याला पुन्हा चिकटायला लागला की आकडा न बघताही कळतं, पाणी निवलं.

पाणी कधी बदलायचं? फेस बसला, तवंग आला किंवा पाणी 110 च्या खाली गेलं की. वरून गरम पाणी ओतून तापमान वाढतं, पण तवंग जात नाही.

मधल्या सिंकात पाणी भरून ठेवायचं की नळाखाली विसळायचं?

दोन्ही चालतं. वाहत्या पाण्याखाली विसळलं तर उत्तम, कारण साबण तिथे साठत नाही. भरून ठेवलं तर ते पाणी गढूळ झाल्याबरोबर सोडून द्यायचं. लोक आळस इथेच करतात. पहिल्या सिंकातली घाण दिसते, तिसऱ्यात रसायन मोजलेलं असतं, मधलं बिचारं नुसतं पाणी, त्याकडे कोण बघतो!

तिसऱ्या सिंकात ब्लीच नेमकं किती घालायचं?

आधी सिंकात पाणी किती मावतं ते काढा. आमच्या कप्प्याचा तळ आतून 18 इंच बाय 18 इंच आहे. त्यात 8 इंच पाणी भरलं की 18 गुणिले 18 गुणिले 8, म्हणजे 2592 घनइंच होतात. एका गॅलनमध्ये 231 घनइंच असतात, म्हणून हे झालं साधारण 11 गॅलन, लिटरात सुमारे 42. सिंकाच्या आत 8 इंचांवर एक पक्की खूण केली की हा हिशेब पुन्हा करायला नको.

कॅलिफोर्नियात हाताने धुतलेल्या भांड्यांना क्लोरीन 100 पीपीएम आणि भांडं बुडवून ठेवायचा वेळ किमान 30 सेकंद आहे. एक पीपीएम म्हणजे लिटरभर पाण्यात एक मिलिग्रॅम. 42 लिटरला 100 ने गुणलं की 4200 मिलिग्रॅम क्लोरीन लागतं. बाटलीवर 7.5 टक्के लिहिलं असेल तर तिच्या एका मिलिलिटरमध्ये ढोबळमानाने 75 मिलिग्रॅम आलं. 4200 भागिले 75 म्हणजे 56 मिलिलिटर. एक टेबलस्पून 15 मिलिलिटरचा धरला तर पावणेचार टेबलस्पून.

हा आकडा सुरुवातीचा अंदाज आहे, निकाल देते ती पाण्यात बुडवून रंग बघायची कागदी पट्टी. ब्लीच नुसतं ठेवलं तरी हळूहळू मरतं, उन्हाळ्यात गाडीच्या डिकीत ठेवलं तर झपाट्याने. जुन्या बाटलीचे 56 मिलिलिटर म्हणजे कदाचित 70 पीपीएमच. पट्टी फिकी आली तर चमचाभर वाढवा, ढवळा, पुन्हा तपासा.

बाटली घेताना लेबलवर ईपीए या सरकारी पर्यावरण संस्थेचा नोंदणी क्रमांक आणि अन्नाला लागणाऱ्या पृष्ठभागासाठीच्या सूचना आहेत का ते बघा. सुगंधी ब्लीच नको. शिंतोडे उडू नयेत म्हणून दाटसर केलेलं ब्लीचही नको, ते कपड्यांसाठी असतं.

आमच्या ओळखीत ‘गॅलनला एक टेबलस्पून’ असं सांगतात. चुकीचं आहे का?

आजच्या तीव्र ब्लीचला ते जास्त होतं. वरच्याच सिंकात 11 टेबलस्पून म्हणजे 165 मिलिलिटर गेले. हिशेब केला तर पीपीएम येतात 290 च्या पुढे. भांडं नंतर विसळायचं नसेल तर क्लोरीनची वरची मर्यादा 200 आहे. त्यापलीकडे ते भांड्यावर राहतं, अन्नाला वास लागतो, स्टीलवर बारीक खड्डे पडतात. इन्स्पेक्टर कमी पीपीएमला जसं लिहितात तसंच जास्तीलाही लिहितात. ‘थोडं जास्त घातलं तर काय बिघडतं’ हा आपला पोह्यातल्या कोथिंबिरीचा न्याय इथे लावू नका.

तिसऱ्या सिंकातलं पाणीही गरमच घेऊ का?

क्लोरीनसाठी नाही. 75 ते 100 अंश फॅरनहाइटचं कोमट पाणी बरं. फार गरम पाण्यात क्लोरीन उडून जातं. वास नाकात भरतो आणि आपल्याला वाटतं, वा, जोरदार झालंय. प्रत्यक्षात जोर पाण्यातून निघून चाललेला असतो. फार गार पाण्यात काम मंदावतं. ब्लीचऐवजी क्वाट, म्हणजे क्वाटर्नरी अमोनियमचं सॅनिटायझर, वापरत असाल तर पाणी किमान 75 अंश हवं.

पट्टी कशी वापरायची?

क्लोरीनची पट्टी वेगळी, क्वाटची वेगळी. एकीने दुसरं मोजता येत नाही. हे सांगायची गरज वाटू नये, पण मी क्वाटच्या पाण्यात क्लोरीनची पट्टी बुडवून ‘शून्य दाखवतेय’ म्हणून घाबरलेली माणसं पाहिली आहेत.

क्लोरीनची पट्टी पाण्यात क्षणभर बुडवायची, लगेच बाहेर काढून डबीवरच्या रंगांशी जुळवायची. पांढऱ्यावरून ती फिकट जांभळी आणि मग गडद जांभळी होत जाते. नुसती धरून बसलात तर रंग बदलत राहतो आणि वाचन चुकतं. क्वाटची पट्टी साधारण 10 सेकंद पाण्यात स्थिर धरायची, ती केशरीवरून हिरवी होते. फेस बाजूला सारून धरा. या पट्ट्या साध्या खोलीच्या तापमानाच्या पाण्यासाठी बनवलेल्या असतात, म्हणून पाणी ऊन असेल तर कपभर काढून निवू द्या आणि मग तपासा. नेमके सेकंद तुमच्या डबीवर छापलेले असतात, तेच खरे.

डबी ओल्या हाताने उघडू नका आणि सिंकावरच्या फळीवर ठेवू नका. दमट पट्टी खोटं बोलते. मुदत संपल्याची तारीखही बघत जा.

पाच वाजता पट्टी बरोबर होती, पावणेसहाला फिकी. असं का होतं?

हे माझ्याच बाबतीत झालं, म्हणून सविस्तर सांगते. सव्वाशे माणसांच्या मुंजीच्या जेवणाची ऑर्डर होती. पाच वाजता तिसरा सिंक भरला, पट्टी बरोबर 100 ला जुळली. मी निर्धास्त. मदतीला आलेला मुलगा भराभर धूत होता. पावणेसहाला सहज पट्टी घातली तर ती जवळजवळ पांढरीच राहिली. पाणी मात्र आरशासारखं. वासही येत होता.

पहिला संशय ब्लीचवर गेला. तेच ब्लीच बादलीत वेगळं मिसळून बघितलं, पट्टी झकास जांभळी झाली. म्हणजे बाटली ठीक. मग मधल्या सिंकात हात घातला आणि उलगडा झाला. पाणी ताकासारखं झालं होतं आणि हाताला बुळबुळीत लागत होतं. बटाटेवड्यांच्या पिठाची दोन मोठी पातेली त्यात विसळली होती. प्रत्येक भांडं तिथून पिठाचा आणि साबणाचा एक अदृश्य थर घेऊन तिसऱ्या सिंकात उतरत होतं. क्लोरीनला जंतू आणि बेसन यातला फरक कळत नाही, जे सेंद्रिय समोर येईल त्याच्यावर ते खर्ची पडतं. शिवाय साबणाने पाण्याचा पीएच वर जातो आणि वाढत्या पीएचला उरलेलं क्लोरीनही मवाळ पडतं.

वरून आणखी दोन चमचे ब्लीच टाकून भागलं नसतं का? पट्टी जांभळी झाली असती, पण दहा मिनिटांत पुन्हा तीच गत. आम्ही मधला आणि तिसरा, दोन्ही सिंक रिकामे करून नव्याने भरले. पाच वाजल्यापासून धुतलेली सगळी भांडी रॅकवरून उतरवून पुन्हा विसळली आणि सॅनिटायझरमधून काढली, कारण पट्टी नेमकी कधी उतरली हे कुणालाच ठाऊक नव्हतं. जेवण चाळीस मिनिटं उशिरा पोचलं आणि ज्याची मुंज होती त्या मुलाच्या आजोबांनी मला दोन शब्द सुनावले. तेव्हापासून आम्ही मधलं पाणी बदलल्यावर, पिठाचं किंवा दुधाचं भांडं होऊन गेल्यावर, आणि तसं काही नसलं तरी दर अर्ध्या तासाने पट्टी घालतो आणि वहीत वेळेसकट लिहितो.

किचनवाल्यांनी भिंतीवर क्वाटचं यंत्र लावलंय. मग तपासायची गरज आहे का?

आहे, जास्तच आहे. यंत्र नळीतून द्रव ओढून पाण्यात मिसळतं. खालचा कॅन रिकामा झाला किंवा नळी वर सरकली की ते बिनबोभाट नुसतं पाणी भरतं, आवाजही तोच. कॅलिफोर्नियात क्वाटसाठी 200 पीपीएम आणि एक मिनिट बुडवणं असा आकडा आहे. लेबलवर बहुतेकदा 200 ते 400 असा पट्टा असतो, त्याच्या आत राहा.

क्वाटचे दोन शत्रू लक्षात ठेवा. साबणाचा अंश त्याला निकामी करतो, इथे पुन्हा मधला सिंकच आला. आणि कठीण पाणी. किती कठीण पाण्यापर्यंत ते काम करतं हे लेबलवर लिहिलेलं असतं. सुती फडकं क्वाटच्या बादलीत तासन्‌तास भिजत ठेवलं तर तेही त्यातला जोर शोषून घेतं.

आणि एक अगदी सक्त गोष्ट, क्वाट आणि ब्लीच एकत्र करू नका. ब्लीचमध्ये व्हिनेगर, लिंबू किंवा क्षार काढायचं आम्ल तर चुकूनही नको, विषारी क्लोरीन वायू निघतो. अमोनिया असलेल्या काच पुसायच्या द्रवाबरोबरही नको.

रसायन नकोच. उकळत्या पाण्याने होत नाही का?

होतं. पाणी 171 अंश फॅरनहाइट, म्हणजे 77 अंश सेल्सिअस, आणि भांडं त्यात पूर्ण बुडून 30 सेकंद. अडचण अशी की नळाचं पाणी तितकं गरम येत नाही, सिंकाखाली वेगळा हीटर लागतो. भांडी लांब दांडीच्या जाळीच्या टोपलीतून उतरवायची, कारण या पाण्यात हात भाजतो. किटलीतलं पाणी भांड्यावरून ओतणं यात बसत नाही. भाड्याच्या किचनमध्ये मी ही सोय क्वचितच पाहिली आहे.

मोठी कढई किंवा टोप सिंकात बुडतच नाही. काय करू?

निम्मी बुडवून पुरेसा वेळ धरायची, मग फिरवून उरलेली बाजू तितकाच वेळ. तेही जमत नसेल तर घासून विसळल्यावर त्याच पीपीएमचं पाणी फवारून किंवा ओतून सगळा पृष्ठभाग ठरलेला वेळ ओला राहील असं बघायचं. नुसता एक फवारा मारून पुढे गेलात तर कढईच्या उभ्या बाजूवरून पाणी काही क्षणांत ओघळून जातं. मात्र सिंकापेक्षा मोठी भांडी नेहमीचीच असतील तर परवान्याच्या वेळीच हे काउंटीशी बोलून घ्या.

सोऱ्या, किसणी, मिक्सरचं भांडं, कुकरचं झाकण हे सुटं करूनच धुवायचं. मिक्सरच्या पात्यांखाली आणि कुकरच्या रबराच्या खोबणीत माझ्या मते सगळ्यात जास्त राहतं. दात कोरायच्या काडीने तिथून काय निघतं ते एकदा बघाच.

ॲल्युमिनियमची आणि पितळेची भांडी?

क्लोरीनने ॲल्युमिनियम काळं पडतं आणि खरखरीत होतं. पितळ आणि तांबंही डागाळतं. अशांना लेबल बघून क्वाट वापरा. स्टीललाही क्लोरीनच्या पाण्यात रात्रभर भिजत ठेवायचं नाही.

सॅनिटायझरमधून काढल्यावर साध्या पाण्याने एकदा विसळू का? मनाला बरं वाटत नाही.

मला कळतं, पहिले सहा महिने माझाही हात आपोआप नळाकडे जायचा. पण ठरलेल्या पीपीएममध्ये असेल तर विसळायचं नाही. नळाचं तोंड, सिंकाची कड, हात, यातलं काहीही निर्जंतुक नसतं. धुतलेल्यावर पुन्हा पाणी घालणं म्हणजे केलेलं काम पुसणं. वास येत असेल तर पट्टी घाला, बहुधा जास्त झालेलं असतं.

कोरड्या फडक्याने पुसून घेतलं तर पटकन होईल ना?

होईल, पण चालणार नाही. फूड कोड स्पष्ट सांगतो की भांडी हवेवर सुकवायची. फडकं पहिल्या चार ताटांनंतर ओलं होतं, आणि पाचव्या ताटापासून ते आधीच्या चारांवरचं सगळं वाटत जातं. मध्येच त्यानेच ओटा पुसला गेला, हात पुसला गेला, की झालं. एक सवलत आहे. हवेवर पूर्ण सुकलेल्या भांड्याला स्वच्छ आणि कोरड्या कापडाने चकाकी आणता येते, पण आधी सुकलेलं हवं.

मग सुकवायचं कसं? आमच्या किचनमध्ये जागाच नाही.

भांडी पालथी घालायची हे आपल्याला शिकवायला नको. चूक होते ती सपाट ओट्यावर पालथी घालण्यात. वाटीची कड ओट्याला चिकटते, आत वाफ आणि पाणी कोंडतं, दुसऱ्या दिवशी उचलली तर ओट्यावर ओलं वर्तुळ. खाली हवा खेळेल अशी तारेची जाळी हवी, आणि भांडं जरा तिरकं, म्हणजे पाणी एका कोपऱ्यातून निथळतं.

ओली भांडी एकात एक रचणं ही सगळ्यात मोठी खोड. डबे, पातेली, ट्रे हे रात्री घाईत रचले जातात. दोन ट्रेच्या मधलं पाणी सकाळपर्यंत तसंच असतं आणि त्या कोमट ओलाव्यात जंतूंना हवं ते सगळं मिळतं. इन्स्पेक्टर रचलेल्या थप्पीतला मधला ट्रे उचलून बोट फिरवतात, वरचा कधीच नाही. तुम्हीही तसंच तपासा.

जागा कमी असेल तर उभी रॅक घ्या, ट्रे वहीच्या पानांसारखे उभे लावा. रॅकवरचा पंखा चालतो, पण त्याची पाती पुसलेली हवीत. नाहीतर धूळ थेट धुतलेल्या भांड्यांवर येते. सर्वात खालची फळी जमिनीपासून 6 इंच वर असू द्या. आमच्याकडे स्टीलचं पातेलं तासाभरात कोरडं होतं, प्लास्टिकचे डबे मात्र रात्र घेतात. स्टील गरम राहतं आणि स्वतःच पाणी उडवतं, प्लास्टिक लगेच निवतं. म्हणून प्लास्टिक पहिल्यांदा धुवा, म्हणजे सुकायला त्याला सगळ्यात जास्त वेळ मिळतो.

हळदीचा पिवळा डाग राहिला तर भांडं अस्वच्छ धरतात का?

प्लास्टिकवरचा रंग म्हणजे घाण नव्हे, पण इन्स्पेक्टरला तो फरक दिसेलच असं नाही. बोटाला चिकट किंवा खरखरीत लागलं तर घाण, गुळगुळीत लागलं तर डाग. ओरखडे पडून पिवळे झालेले डबे मात्र टाकून द्या, त्या ओरखड्यांत ब्रशही पोचत नाही.

तपासणीला आलेले नेमकं काय विचारतात?

माझ्या अनुभवात पहिला प्रश्न पट्ट्या कुठे आहेत हा असतो. डबी शोधायला दोन मिनिटं लागली की त्यांना उत्तर मिळतं. मग ते तुमच्याच हाताने पट्टी घालायला लावतात आणि तोंडी विचारतात, किती पीपीएम, किती सेकंद. मागच्या खेपेला हे प्रश्न मला न विचारता भांडी धूत असलेल्या मुलाला विचारले. त्याने ‘शंभर, तीस’ म्हटलं, पट्टी घातली, ती फिकी आली. मी काही बोलायच्या आत त्याने मधल्या सिंकाचं बूच उपसलं.